पहिला प्रश्न कोण विचारणार?

विद्यापीठातल्या किंवा महाविद्यालयातल्या एखाद्या विभागाचा परिसंवाद असतो. त्यातल्या एका सत्राचे अध्यक्षपद एखाद्या कार्यकर्तीला दिले जाते. पत्रिकेवर तिचे नाव छापले जाते, तिला पुष्पगुच्छ मिळतो, आणि शेवटी चार शब्द बोलून तिने सत्र संपवावे अशी अपेक्षा असते. चळवळीतल्या आपल्यापैकी अनेकींना असे बोलावणे येते आणि आपण ते शोभेचे काम समजून पार पाडतो. माझे म्हणणे असे की हे काम शोभेचे नाही. सत्राच्या सुरुवातीला अध्यक्ष जी पाच मिनिटे बोलते, त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी ठरतात: चर्चा कशाची होणार, जाणकार म्हणून कोणाला धरले जाणार, आणि शेवटी सभागृहातल्या कोणाच्या हातात माईक जाणार. या तीनही गोष्टी सत्तेच्या आहेत. म्हणून त्यांच्याबद्दल या अंकातून बोलले पाहिजे.

कोल्हापुरात अलीकडेच एका विभागाच्या परिसंवादात मी असे एक सत्र चालवले. विषय होता विधवा प्रथा आणि हेरवाडचा ठराव. त्या सत्राचाच आधार घेऊन लिहिते, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

आधी वेळेचा हिशेब. सत्र साडेअकरा ते एक, म्हणजे नव्वद मिनिटांचे. तीन निबंध, प्रत्येकी वीस मिनिटे. कागदावर प्रश्नोत्तरांना तीस मिनिटे उरतात. आता प्रत्यक्षात काय होते ते बघा. उद्घाटन लांबल्यामुळे सत्र वीस मिनिटे उशिरा सुरू होते. स्वागत, शाल, श्रीफळ, प्रत्येक वक्त्याचा पदव्यांसह परिचय यात बारा मिनिटे जातात. उरली अठ्ठावन्न. निबंधांनाच साठ हवीत, म्हणजे कोणी तोंड उघडण्याआधीच दोन मिनिटांची तूट. त्यात एखादा वक्ता दहा मिनिटे जास्त घेतो, आणि मग आपल्या पद्धतीप्रमाणे शेवटी अध्यक्षीय समारोप येतो. तिन्ही निबंधांचा गोषवारा, त्यावर स्वतःचे मत, एखादा शेर, आभार, अशी पंधरा मिनिटे. तूट सत्तावीस मिनिटांवर जाते. ती कोणाच्या हिश्श्यातून भरून निघते? श्रोत्यांच्या. ‘वेळेअभावी प्रश्न जेवणाच्या सुटीत विचारावेत’ असे जाहीर होते, आणि जेवणाच्या सुटीत वक्त्यांभोवती उभे असतात ते त्यांचे ओळखीचे प्राध्यापक.

ही तूट कोणी मुद्दाम बायकांचे तोंड बंद करण्यासाठी करत नाही. पण तिची झळ सारखी बसत नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाला दोनच मिनिटे मिळाली तरी तो विचारून घेतो, कारण त्याला सभागृहात उभे राहायची सवय असते. शिरोळ किंवा शाहूवाडीतून दोन एसट्या बदलून आलेली अंगणवाडी सेविका त्या दोन मिनिटांत आपला प्रश्न मनात मांडतच असते, तोवर माईक बंद होतो.

याबाबत एक अभ्यास माहीत असावा असा आहे. ॲलेशिया कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा देशांतल्या पस्तीस संस्थांमध्ये झालेले २४७ विभागीय परिसंवाद प्रत्यक्ष बसून नोंदवले आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रोत्यांमध्ये स्त्रिया आणि पुरुष सरासरीने निम्मे-निम्मे होते. तरीही कोणताही एक प्रश्न घेतला तर तो पुरुषाकडून आलेला असण्याची शक्यता स्त्रीच्या तुलनेत अडीच पटीहून अधिक होती. त्यांना आणखी दोन गोष्टी दिसल्या. जिथे पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तिथे ही दरी अधिक रुंद होती. आणि जिथे जास्त प्रश्नांना वाव मिळाला तिथे ती कमी होती. या निष्कर्षांची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हे. पहिला प्रश्न स्त्रीने विचारल्यामुळेच पुढे फरक पडला असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय आपल्याकडे स्त्री-पुरुष एवढाच भेद नसतो. जात असते, इंग्रजी असते, शहर आणि गाव असते. पण पहिला प्रश्न आणि प्रश्नांचा वेळ या दोन गोष्टी अध्यक्षाच्या हातातल्या आहेत, आणि त्या बदलून बघायला खर्च काहीच नाही.

म्हणून मी आयोजकांना आधीच दोन गोष्टी मागितल्या. वक्त्यांचा परिचय छापील कागदावर द्यावा, वाचू नये. आणि अध्यक्षीय भाषण शेवटी न ठेवता सुरुवातीला, पाच मिनिटांचे ठेवावे. सत्र दहा मिनिटे उशिरा सुरू होणार हे गृहीत धरून मी ऐंशी मिनिटे वाटली: माझी पाच, तीन निबंध प्रत्येकी तेरा, श्रोत्यांना आपसात बोलायला तीन, प्रश्नोत्तरांना तीस, शेवटी तीन. वक्त्यांना तेरा मिनिटांची कल्पना आठवडाभर आधी दिली. ऐनवेळी चिठ्ठी पुढे सरकवून वक्त्याला थांबवणे अपमानाचे वाटते. आधी सांगितले की वाटत नाही.

आता विषय मांडण्याबद्दल. आयोजकांनी सत्राला दिलेले शीर्षक होते ‘विधवा महिलांच्या समस्या व उपाय’. अशी शीर्षके आपण शेकडो वेळा वाचली आहेत. त्यात दोष काय? त्यात समस्या स्त्रीच्या अंगाला चिकटलेली दाखवली जाते आणि ती देणारे घर, भावकी, गाव शीर्षकाबाहेर राहतात. मग निबंध येतात ते तिच्या एकटेपणावर, मानसिक ताणावर आणि शासकीय योजनांवर. बांगड्या फोडणारा हात कोणाचा, हे कोणी विचारत नाही. छापलेले शीर्षक बदलायला उशीर झाला होता. पण प्रास्ताविकात ते उलटे करून मांडणे माझ्या हातात होते.

हेरवाडची हकिगत वाचकांना ठाऊक आहे, पण तिचे तपशील इथे महत्त्वाचे आहेत. हेरवाड हे शिरोळ तालुक्यातले गाव. कोविडमध्ये अनेक तरुण कर्ते पुरुष गेले, त्यानंतरचा तो काळ. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथा बंद करण्यासाठी गावोगाव ठराव व्हावेत असा आग्रह धरला होता. हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी तसा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे होत होती, त्या निमित्ताने. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या गोष्टी गावात बंद कराव्यात, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे कळवले.

या ठरावाबद्दल बोलताना दोन टोके होतात. एक म्हणते, क्रांती झाली. दुसरे म्हणते, कागदावरचा ठराव, त्याने काय होते. दोन्ही टोकांवर चर्चा संपते, पुढे जात नाही. चर्चा पुढे जायची असेल तर ठराव नेमका कुठवर पोचतो हे आधी सांगावे लागते. ग्रामसभेचा ठराव हा कायदा नव्हे. तो मोडणाऱ्याला शिक्षा नाही. परिपत्रकालाही कायद्याचे बळ नाही. मग ठरावाने काय साधते? अंत्यविधीच्या त्या तासाभरात, जेव्हा ती बाई बोलण्याच्या अवस्थेत नसते, तेव्हा तिच्या बाजूने बोलणाऱ्याला ‘गावानं ठरवलंय’ असे म्हणण्याचा आधार मिळतो. हा आधार लहान नाही. पण तो त्या तासापुरता आहे. तेराव्या दिवसानंतर सुरू होते ते ठरावात नाही: हळदीकुंकवाला, ओटी भरायला, लग्नघरात कोणाला बोलवायचे, सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागणार.

मग मी जे बोलले ते साधारण असे होते. लिहून नेले होते, म्हणून देता येते.

‘नमस्कार. पत्रिकेत आपल्या सत्राचं नाव “विधवा महिलांच्या समस्या” असं आहे. मी तुम्हाला विनंती करते की पुढची सव्वा तास आपण ते जरा फिरवून वाचूया. प्रथा पाळणारे कोण, आणि ती मोडली तर तिच्याशी कोण कसं वागतं, असं. म्हणजे आपण बाईकडे बघणार नाही, तिच्या आजूबाजूला बघणार आहोत.

‘एक शब्दांबद्दल. काही जणी विधवा म्हणतात, काही एकल महिला म्हणतात. २०२३ साली राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी “गंगा भागीरथी” असा शब्द सुचवला होता. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि तो चर्चेसाठीचा प्रस्ताव होता, निर्णय नव्हे, असा खुलासा त्यांना करावा लागला. आज इथे कुणी कुठला शब्द वापरला म्हणून कुणाला अडवायचं नाही. फक्त ज्या बाईबद्दल बोलतोय तिला तो शब्द तोंडावर म्हणता येईल का, एवढं मनात विचारूया.

‘तीन वक्ते तीन ठिकाणांहून बोलणार आहेत. पहिल्या आहेत त्यांनी काही गावांत फिरून ठरावानंतर काय झालं ते बघितलं आहे. दुसऱ्या वकील आहेत, त्या वारसा हक्काबद्दल सांगतील. तिसऱ्या ग्रामपंचायत सदस्य आहेत, त्यांनी स्वतः ग्रामसभेत असा ठराव मांडला आहे. त्यांना आपण “अनुभव सांगायला” बोलावलेलं नाही. ठराव कसा करतात हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून बोलावलं आहे.

‘ऐकताना तीन प्रश्न हाताशी ठेवा. त्या तासाला हात कुणाचा असतो? ठरावानंतर काय बदललं आणि काय फक्त घराच्या आत गेलं? आणि तिच्या नावावर काय लागलं?

‘प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. तो कुणाही वक्त्याला दिला जाणार नाही, मलाही नाही. निबंध झाल्यावर तीन मिनिटं शेजारणीशी, शेजाऱ्याशी बोला. मग प्रश्न. पहिला प्रश्न मागच्या सहा रांगांमधून घेणार आहे, आणि बाईचा घेणार आहे. मराठीत विचारा, गावच्या बोलीत विचारा. ज्यांना उभं राहायचं नाही त्यांनी चिठ्ठी द्या, नाव लिहू नका, मी आहे तशी वाचीन. स्वतःची गोष्ट सांगितलीच पाहिजे असं नाही. “एका बाईला” असं म्हणून विचारलं तरी चालेल. आणि ज्यांच्याकडे प्रश्न नसून मत आहे, त्यांनी एका मिनिटात सांगावं, मी घड्याळ धरून आहे.’

एवढेच. यातल्या काही गोष्टींमागची कारणे सांगते, कारण त्या सहज बोलल्यासारख्या वाटल्या तरी तशा नाहीत.

तिसऱ्या वक्त्याला ‘अनुभव सांगायला बोलावलेले नाही’ असे मी मुद्दाम म्हटले. परिसंवादात ज्ञानाची उतरंड असते. प्राध्यापक विश्लेषण करतात, वकील कायदा सांगतात आणि गावची बाई अनुभव सांगते. एकदा अनुभवाच्या खान्यात बसवले की तिला प्रश्न येतात ते असे: तुम्हाला भीती नाही का वाटली? घरच्यांनी साथ दिली का? ठरावाची सूचना कशी लिहिली, कोरम कसा भरला, विरोध कोणी केला आणि त्याला काय उत्तर दिले, हे तिला कोणी विचारत नाही. कारण ते तिला येत असेल असे वाटतच नाही. अध्यक्षाने सुरुवातीच्या एका वाक्यात तिला जाणकार ठरवले की येणारे प्रश्न बदलतात. त्या दिवशी तिला कोरमबद्दलच विचारले गेले. तिने सांगितले की तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा भरली तेव्हा ठराव घेतला.

शेजाऱ्याशी तीन मिनिटे बोलायला सांगणे ही माझी युक्ती नाही. ग्रामपंचायतीच्या कायद्यात या समजुतीला जागा मिळालेली आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी अशी तरतूद आहे. का? तर एकत्र सभेत बायका बोलत नाहीत, आणि आधी आपसात बोलून घेतले तर ‘आमचं असं म्हणणं आहे’ असे म्हणत उठता येते. ‘माझं’ म्हणून उठण्यापेक्षा ते सोपे जाते. परिसंवादातली तीन मिनिटे हे त्याचेच छोटे रूप. ही महिला सभा पुष्कळ गावांत सह्या घेण्यापुरती उरते हे आपल्याला ठाऊक आहे. तशीच ही तीन मिनिटेही चहाच्या गप्पांत जाऊ शकतात. म्हणून ती निबंध संपल्यावर लगेच हवीत आणि हातात तीन ठरलेले प्रश्न हवेत.

स्वतःची गोष्ट सांगण्याची सक्ती नाही, हे सांगणेही आवश्यक होते. अशा विषयावर कोणीतरी सद्भावनेने म्हणतेच की आपल्यात ज्या आहेत त्यांनी पुढे येऊन बोलावे. सगळे सभागृह वळून बघू लागते. शहर लहान, कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचे कोणीतरी बसलेलेच असते. तिथे बोललेले घरी पोचते. सभेची हळहळ संध्याकाळी संपते, घरातला जाब मात्र तिला एकटीला द्यावा लागतो.

आता प्रश्न काय आले ते. अर्ध्या तासात सतरा प्रश्न झाले, त्यातले अकरा बायकांचे, आणि सात चिठ्ठ्यांवरचे. एका सत्राच्या आकड्यांवरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण प्रश्नांचा पोत सांगण्यासारखा आहे. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या एका आशाताईंनी विचारला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे बांगड्या काढायला लावतात त्या घरातल्याच म्हाताऱ्या बायका, आणि त्यातल्या बऱ्याच स्वतः त्यातून गेलेल्या असतात. ठराव पुरुषांनी वाचून दाखवला तर त्या ऐकतील का? गावांत फिरलेल्या अभ्यासकांनी यावर सांगितले की जिथे अशा वयस्कर बायकांशी आधी घरोघर बोलणे झाले होते तिथेच त्या तासाला काही बदल दिसला. हा मुद्दा तिन्ही निबंधांत कुठेच नव्हता. तो प्रश्नामुळे बाहेर आला.

एका चिठ्ठीवर होते: ‘एका बाईच्या बांगड्या फोडल्या नाहीत. सगळ्यांनी कौतुक केलं. सहा महिन्यांनी पुतण्याच्या हळदीला तिला बोलावलं नाही. हे ठरावात येतं का?’ उत्तर सरळ होते: येत नाही. ग्रामपंचायत सदस्य म्हणाल्या की यासाठी ठराव करूनही उपयोग नाही. लग्नघरातल्या बाईनेच तिचा हात धरून तिला पुढे न्यायला हवे, आणि ते आपण प्रत्येकीने आपापल्या घरात करायचे आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तीही चिठ्ठीच. नवरा वारल्यावर सासरच्यांनी कुंकू पुसले नाही, मंगळसूत्र राहू दिले, आणि दीड महिन्याने हक्कसोडपत्रावर सही मागितली. ‘आम्ही तुझं सगळं राखलं, आता तू आमचं राख,’ असे म्हणाले. सही द्यावी का? सभागृह एकदम गप्प झाले. वकीलताईंनी शांतपणे सांगितले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि त्यांचा वाटा सारखा. वारस म्हणून नाव लागणे हा तिचा हक्क, कोणाची मेहेरबानी नव्हे. हक्कसोडपत्र ऐच्छिक असते. ते नोंदवले गेले की परत फिरवणे फार कठीण, म्हणून दुःखाच्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही करू नये. आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, मृत्यूचा दाखला जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

या एका चिठ्ठीने सत्राचा विषयच खोल गेला. कुंकू राखणे आणि जमीन सोडवणे यांचा सौदा होऊ शकतो. प्रथा बंद झाल्याचे श्रेय घेऊन तिच्याकडून वाटा काढून घेता येतो. ठरावाच्या यशावर तिन्ही निबंधांत पुरेसे होते. पण हा धोका एका निनावी चिठ्ठीतून आला. प्रश्नांचा वेळ निबंधांनी खाल्ला असता तर ती चिठ्ठी पर्समध्येच परत गेली असती.

सत्रानंतर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला प्रेमाने पण स्पष्ट सांगितले की अध्यक्ष तटस्थ असावा. पहिला प्रश्न बाईचाच घेणार म्हणणे हा पक्षपात झाला. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. माझे उत्तर असे आहे. अध्यक्षाने वक्त्यांच्या मतांमध्ये तटस्थ राहावे हे मला मान्य आहे, आणि मी हेरवाडच्या ठरावावर माझे मत दिले नाही. पण ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ एवढेच म्हणून समोर बघणे ही तटस्थता नव्हे. त्याने आधीपासून असलेला क्रम जसाच्या तसा चालू राहतो: पुढची रांग, मोठे पद, मोठा आवाज. क्रम तर असतोच. मी तो जाहीर केला, एवढाच फरक. आणि मी पहिलाच प्रश्न राखला, सगळे नाही. दुसरा प्रश्न त्याच प्राध्यापकांचा होता आणि तो चांगला होता.

आवाजाचा हा मुद्दा आपल्याकडे नवा नाही. १८८९ साली मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्याला काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. त्याच वेळी भरलेल्या सामाजिक परिषदेत पंडिता रमाबाई विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर बोलायला उभ्या राहिल्या. आवाज पोचत नाही, अशी ओरड झाली तेव्हा त्यांनी सुनावले की स्त्रीला आवाज मोठा करण्याची संधी तुम्ही कधी दिलीत, अशी आठवण सांगितली जाते. विषय तोच होता, विधवेच्या शरीरावरची खूण. प्रश्नही तोच होता, त्याबद्दल बोलणार कोण.

काय बिघडू शकते तेही सांगायला हवे. चिठ्ठ्या अध्यक्षाने ‘सुधारून’ वाचल्या की त्यातला कस जातो. ‘हळदीला बोलावलं नाही’ याचे ‘सामाजिक सहभागातून वगळले जाते’ झाले की तो प्रश्न उरत नाही. चिठ्ठ्या आधी आयोजकांकडे गेल्या तर अडचणीच्या गळतात. पहिला प्रश्न विचारायला आधीच कोणाला तरी शिकवून ठेवले तर सभागृहाला ते लगेच कळते आणि बाकीच्या गप्प बसतात. उत्तर देण्याचा मोह अध्यक्षालाच झाला तर वक्ते बाजूला पडतात. आणि आपल्या सत्राचे कसे चालले आहे हे ओळखण्याची एक साधी खूण आहे: पहिले तीन प्रश्न पहिल्या दोन रांगांतून आले असतील, किंवा स्त्री वक्त्याला प्रश्नांऐवजी सल्लेच मिळत असतील, तर थांबून पुन्हा मागच्या रांगांकडे वळावे.

शेवटी एक मागणी. परिसंवादाचा अहवाल छापला जातो तेव्हा त्यात निबंध असतात, अध्यक्षांचे नाव असते, आभार असतात. प्रश्नांबद्दल एकच वाक्य असते, ‘त्यानंतर चर्चा झाली.’ ग्रामसभेच्या नोंदवहीत ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहावी लागतात. त्यामुळेच हेरवाडच्या ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघी स्त्रिया होत्या हे आज आपल्याला माहीत आहे. जे गावच्या ग्रामसेवकाला जमते ते विद्यापीठाच्या विभागाला जमायला हवे. पत्रिकेवर प्रश्नोत्तरांची वेळ वक्त्यांच्या वेळेसारखीच छापावी, आणि अहवालात प्रत्येक प्रश्न, विचारणारीची इच्छा असेल तर नावासह, नसेल तर निनावी, पूर्ण शब्दांत द्यावा. मी आमच्या सत्राचे सतरा प्रश्न हाताने लिहून विभागाला दिले आहेत. सोबतच्या पत्रात एवढेच लिहिले आहे की त्यांतली भाषा बदलू नये.